घरच्या नॅसला जम्बो फ्रेम: लावायच्या कुठे आणि कुठे हातच लावायचा नाही

रविवारची सकाळ होती. माझी मोठी बहीण भरतनाट्यमचे क्लास घेते आणि तिच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ आमच्या घरच्या नॅसवर असतात. एडिटिंग मी करतो. आदल्या रात्री मी नॅस आणि माझा पीसी, दोन्हीकडे जम्बो फ्रेम चालू केल्या होत्या. सकाळी नॅसचा फोल्डर उघडला, फाइलींची नावं दिसली. व्हिडिओ कॉपीला लावला आणि हिरवी पट्टी सुरुवातीलाच थिजली. शेजारी बसलेल्या ताईने तिच्या लॅपटॉपवर, वायफायवरून, तोच व्हिडिओ लावला तर तो छान चालला. "तुझ्या त्या केबलपेक्षा माझं वायफाय बरं की रे!" असं म्हणून ती चहा करायला गेली.

जिथे मी काहीच बदललं नव्हतं तिथे सगळं ठीक होतं, आणि जिथे 'सुधारणा' केली होती नेमकं तिथेच अडलं होतं. याचं कारण समजलं की जम्बो फ्रेमबद्दल घरगुती वापरासाठी लागणारं बहुतेक सगळं समजतं. म्हणून हा लेख. तो वाचायला एक नॅस, एक पीसी, मध्ये एखादा स्विच आणि कमांड टाइप करायची तयारी, एवढं पुरे.

जम्बो म्हणजे नेमकं काय मोठं होतं

इथरनेटवरून डेटा फ्रेममध्ये भरून जातो. एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती बाइट भरायचे, या मर्यादेला एमटीयू म्हणतात. नेहमीचा एमटीयू १५०० बाइटचा असतो. त्याहून मोठी ती जम्बो फ्रेम, आणि घरी-ऑफिसात जम्बो म्हटलं की साधारण ९००० बाइटच समजतात. गंमत अशी की इथरनेटच्या अधिकृत मानकात हा ९००० आकडा नाहीच. तो उपकरणं बनवणाऱ्यांमध्ये रूढ झालेला संकेत आहे. त्यामुळे कुणी तो ९००० लिहितं, कुणी ९०१४, कुणी ९२१६, आणि एखादा स्विच त्याला ओळखतही नाही. पुढच्या निम्म्या भानगडी यातूनच येतात.

फायद्याचा हिशोब सरळ आहे. १५०० बाइटची फ्रेम तारेवर प्रत्यक्षात १५३८ बाइटची जागा घेते, कारण पुढे-मागे पत्ता, तपासणीचा आकडा आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा येते. त्या १५०० मधलेही ५२ बाइट साधारणपणे आयपी आणि टीसीपीच्या हेडरमध्ये जातात. म्हणजे १५३८ मागे कामाचा माल १४४८. जम्बोमध्ये हेच गणित ९०३८ मागे ८९४८ असं होतं. पहिलं सुमारे ९४ टक्के, दुसरं ९९ टक्के.

म्हणूनच एक गिगाबिटच्या तारेवर सगळं नीट असेल तर वेग मोजणारा `iperf3` ९४१ मेगाबिट दाखवतो आणि जम्बोवर ९९० च्या आसपास. फाइल कॉपीच्या भाषेत सेकंदाला ११८ मेगाबाइटऐवजी १२४. चाळीस गिगाबाइटचा कार्यक्रम कॉपी करायला ३४० सेकंद लागत होते, ते आता ३२३ लागतील. सतरा सेकंद वाचले. एवढ्यासाठी घरभर एमटीयू बदलत फिरायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं उत्तर 'नाही' असं आहे.

मग खरा फायदा कुणाला

फायदा तारेपेक्षा प्रोसेसरला जास्त होतो. दहा गिगाबिटची लाइन १५०० च्या फ्रेमने भरायची तर सेकंदाला आठ लाखांहून जास्त फ्रेम लागतात. ९००० च्या घेतल्या तर एक लाख अडतीस हजारांत भागतं. प्रत्येक फ्रेममागे प्रोसेसरला थोडी हमाली असतेच, आणि ती सहापट कमी होते.

पण इथे एक 'पण' आहे, आणि जुने सल्ले वाचताना तो लक्षात ठेवायला हवा. आजची बहुतेक नेटवर्क कार्डं ही हमाली स्वतःच उचलतात. ऑपरेटिंग सिस्टिम कार्डाकडे एकदम साठेक किलोबाइटचा गठ्ठा देते आणि कार्ड त्याचे १५०० चे तुकडे पाडून पाठवतं. पलीकडे आलेले तुकडे पुन्हा जोडूनच वरच्या थरांकडे जातात. त्यामुळे बऱ्यापैकी नवा पीसी आणि चांगलं कार्ड असेल तर १५०० वरही दहा गिगाबिटची लाइन जवळजवळ भरते. जम्बोचा फरक पडतो तो नॅसचा प्रोसेसर अशक्त असेल तेव्हा: चार डिस्कचा जुना, कमी विजेवर चालणारा डबा आणि त्यात नंतर बसवलेलं दहा गिगाबिटचं कार्ड. नॅसवरची जागा पीसीला स्वतःच्या डिस्कसारखी दाखवणाऱ्या आयएससीएसआयवरून मोठमोठ्या सलग फाइली चालत असतील तरीही फरक जाणवू शकतो.

उलट, हजारो छोट्या फाइली कॉपी होताना वेळ फाइल उघडण्या-बंद करण्यात जातो. तिथे फ्रेम मोठी असून उपयोग नाही, कारण भरायला मालच नसतो. आणि एका साध्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला दीड-दोनशे मेगाबाइट असेल तर तार कितीही रुंद करा, नळ तेवढाच येणार.

आधी मोजा

त्यामुळे सेटिंगला हात लावण्याआधी एक मोजमाप करून घ्या. नॅसवर `iperf3` मिळत असेल तर तिथे ते ऐकत ठेवायचं आणि पीसीवरून दोन्ही दिशांनी वेग पाहायचा. (उदाहरणात नॅसचा पत्ता `10.10.10.2` धरलाय, तुमचा वेगळा असेल.)

```
# नॅसवर
iperf3 -s

# पीसीवर
iperf3 -c 10.10.10.2 -t 20
iperf3 -c 10.10.10.2 -t 20 -R
```

`-R` ने दिशा उलटते, म्हणजे नॅस पाठवतो आणि पीसी घेतो. हे चालू असताना नॅसवर `top` उघडून ठेवा आणि `1` दाबा म्हणजे प्रत्येक कोअर वेगळा दिसेल.

एक गिगाबिटच्या लाइनवर ९४१ दिसत असेल तर लाइन भरलेली आहे आणि जम्बोने वरचे पाच टक्केच मिळतील. दहा गिगाबिटवर `iperf3` ९.४ दाखवतोय पण फाइल कॉपी दोनशे मेगाबाइटवर अडकलीय, तर दोष बहुधा डिस्कचा आहे. नेटवर्कला उगीच छळू नका. पण `iperf3` पाच-सहा गिगाबिटच्या पुढे जात नाही आणि त्याच वेळी नॅसचा एक कोअर शंभर टक्क्यांवर जाऊन बसलाय, त्यातही नेटवर्कसारख्या हमालीत गेलेला वेळ दाखवणारा `si` हा आकडा मोठा दिसतोय, तर तुमचं घर जम्बोचं खरं गिऱ्हाईक आहे. हे आकडे कुठेतरी लिहून ठेवा, शेवटी लागतील.

माझ्याकडे काय बिघडलं होतं

आता त्या रविवारकडे येतो. दोन यंत्रं टीसीपीने बोलायला लागतात तेव्हा पहिल्याच नमस्कारात एकमेकांना सांगतात, 'माझ्याकडे एवढ्या आकाराचा तुकडा चालेल.' या आकड्याला एमएसएस म्हणतात आणि तो आपापल्या एमटीयूवरून ठरतो. दोघांपैकी लहान आकडा पाळला जातो.

ताईच्या लॅपटॉपचा एमटीयू १५००, नॅसचा ९०००. लॅपटॉपने सांगितलं १४६०, नॅसने ते मान्य केलं आणि सगळं सुरळीत चाललं. वायफायवर जम्बो तशाही जात नाहीत. वायफायच्या फ्रेममध्ये जेमतेम २३०४ बाइट मावतात. माझ्या पीसीचा एमटीयू ९००० आणि नॅसचाही ९०००, म्हणून दोघांनी मोठ्या आनंदाने ८९६० ठरवलं. पण आमच्या मध्ये, हॉलमधल्या टीव्हीमागे, एक जुना पाच पोर्टचा छोटा स्विच बसला होता आणि त्याला या कराराची गंधवार्ता नव्हती.

स्विच या नमस्कारात सामील नसतो. तो फक्त फ्रेम इकडून तिकडे ढकलतो. त्याच्या मापात न बसणारी फ्रेम आली की टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला कळवतही नाही. रेल्वेच्या पुलाखाली उंचीची लोखंडी कमान असते, तिथे ट्रक अडकला तर निदान सगळ्या गावाला दिसतो. इथे ट्रक गायबच होतो. राउटर असता तर त्याने 'पॅकेट मोठं आहे, लहान करून पाठव' असा निरोप धाडला असता, पण स्विचच्या थरावर असा निरोपच नाही.

आता लक्षणं जुळतात का पाहा. साधा पिंग जातो, कारण तो शंभर बाइटही नसतो. लॉगिन होतं. छोट्या फोल्डरची यादी एका लहान फ्रेममध्ये मावते, म्हणून दिसते. पण दोन-तीन हजार फोटोंचा फोल्डर उघडला की यादीच मोठी होते आणि खिडकी पांढरी पडून राहते. व्हिडिओ कॉपीची पहिली भरलेली फ्रेम निघते आणि हरवते. तीच पुन्हा पाठवली जाते, पुन्हा हरवते. 'लहान जातं, मोठं अडतं' असं ऐकलं की मला आता दुसरं काही सुचतच नाही. काही सिस्टिमना थोड्या वेळाने शंका येते आणि त्या लहान तुकड्यांवर उतरतात. मग कॉपी होते, पण अडखळत आणि रडतखडत. हा प्रकार जास्त वाईट, कारण माणूस डिस्कला नाहीतर केबलला दोष देत बसतो.

यातूनच दुसरी गोष्टही कळते. दोन टोकांचे एमटीयू वेगळे असणं टीसीपी बऱ्याचदा सांभाळून घेतं. दोन्ही टोकं मोठी आणि मधला दुवा लहान, ही जोडी मात्र मारते. यूडीपीला तर तो नमस्कारही नाही. त्यामुळे तिथे नॅस ९००० आणि समोरचं यंत्र १५०० असलं तरी मोठं पॅकेट हरवू शकतं. घरातला टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे हे सगळे १५०० वाले. त्यांच्याच जाळ्यात नॅस ९००० वर ठेवला तर महिनाभर सगळं ठीक वाटेल आणि मग एखादी विचित्र तक्रार येईल.

वेगळी वाट काढा

म्हणून माझा सल्ला एकच: जम्बो घरच्या सगळ्या जाळ्यावर लावू नका. नॅस आणि पीसी यांच्यापुरती वेगळी वाट करा आणि फक्त तिच्यावर लावा. सगळ्यात सोपी वाट म्हणजे थेट केबल. दोन्हीकडे एकेक जास्तीचं नेटवर्क पोर्ट हवं. जुन्या काळासारखी क्रॉस केबल लागत नाही, साधी चालते. मध्ये स्विचच नाही, म्हणजे गुपचूप फ्रेम टाकणाराही कुणी नाही.

या वाटेला वेगळे पत्ते द्या. घरचं जाळं `192.168.1.x` असेल तर इथे पीसीला `10.10.10.1`, नॅसला `10.10.10.2` आणि दोन्हीकडे मास्क `255.255.255.0`. गेटवेची जागा रिकामी ठेवायची. तिथे काही भरलं तर पीसी इंटरनेट याच केबलवर शोधायला लागेल. नॅसचं जुनं पोर्ट राउटरलाच जोडलेलं राहू दे, १५०० वर. उद्या नव्या वाटेवर काही चुकलं तर नॅसच्या पानावर जायला तोच दरवाजा उघडा असेल.

तीन-चार यंत्रं असतील आणि स्विच हवाच असेल तर आधी त्याचं माहितीपत्रक उघडून जम्बोचा आकडा शोधा. ९२१६ किंवा त्याहून जास्त असेल तर निश्चिंत. सेटिंग असलेल्या स्विचवर जम्बो वेगळं चालू करावं लागू शकतं, काही वेळा पोर्टागणिक. आकडाच दिलेला नसेल तर तो स्विच १५०० चा आहे असं धरून चाला.

सेटिंग करताना आकड्यांचा घोळ

चढताना क्रम ठेवा: आधी स्विच, मग नॅस, शेवटी पीसी. मागे यायचं असेल तर उलटा. यामुळे मोठी फ्रेम निघण्याआधी तिची वाट तयार झालेली असते.

नॅसच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्या पोर्टाखाली `MTU` किंवा `Jumbo Frame` नावाची जागा असते, तिथे ९००० भरा. पोर्ट नीट बघून निवडा. घाईत राउटरकडचं पोर्ट बदलणारे मी एकटाच नाही.

लिनक्सच्या पीसीवर:

```
sudo ip link set dev enp3s0 mtu 9000
ip link show enp3s0
```

`enp3s0` च्या जागी तुमच्या पोर्टाचं नाव. दुसऱ्या ओळीच्या उत्तरात `mtu 9000` दिसायला हवं. हा बदल मशीन पुन्हा सुरू केलं की पुसला जातो आणि चाचणीपुरतं तेच बरं. सगळं जमलं की कायमचं करायचं. नेटवर्क मॅनेजर असेल आणि कनेक्शनचं नाव `storage` असेल तर असं:

```
nmcli connection modify storage 802-3-ethernet.mtu 9000
nmcli connection up storage
```

विंडोजमध्ये `Device Manager` मधून नेटवर्क कार्डाच्या `Properties`, तिथे `Advanced`, आणि यादीत `Jumbo Packet` किंवा `Jumbo Frame`. तिथे `9014 Bytes` असा पर्याय दिसतो आणि नवा माणूस गोंधळतो. नॅसवर ९००० भरले, इथे ९०१४, म्हणजे चूक झाली का? नाही झाली. विंडोजचे बरेच ड्रायव्हर इथरनेटचं १४ बाइटचं हेडर धरून आकडा सांगतात. ९००० अधिक १४. काही कार्डांत `9KB MTU` असं लिहिलेलं असतं. स्विचचा ९२१६ हा आकडा तर हे सगळं आणि वर थोडं जास्तीचं, अशी कमाल मर्यादा असते. स्विचचा आकडा मोठा असला तर काही बिघडत नाही, लहान असला तर बिघडतं. 'ओके' म्हटल्यावर कार्ड दोन-चार सेकंद बंद होऊन पुन्हा चालू होतं, घाबरू नका.

खरा एमटीयू किती लागला ते इथे दिसतं:

```
netsh interface ipv4 show subinterfaces
```

पहिल्या रकान्यात ९००० दिसलं की झालं. ड्रायव्हरच्या पानावर काहीही लिहिलेलं असो, मी यावरच विश्वास ठेवतो.

नॅसवर व्हर्च्युअल मशीन चालवत असाल तर एक जास्तीची खबरदारी. लिनक्सचा ब्रिज, तुम्ही वेगळं सांगितलं नसेल तर, त्याला जोडलेल्या सगळ्यांमधला लहानात लहान एमटीयू घेतो. एक मशीन १५०० चं जोडलं गेलं की ब्रिजही १५०० वर येऊ शकतो, आणि तुम्ही मात्र खालच्या कार्डावर ९००० बघून समाधानी.

पिंगची कसोटी

आता ती चाचणी, जी मी शनिवारी रात्रीच करायला हवी होती. साधा पिंग इथे कुचकामी आहे. पिंगला मोठं करायचं आणि 'वाटेत तुकडे पाडू नको' असं बजावायचं. आकडा ८९७२ ठेवायचा: ९००० मधून आयपीचे २० आणि पिंगच्या हेडरचे ८ बाइट वजा.

```
# लिनक्स
ping -M do -s 8972 -c 4 10.10.10.2

# विंडोज
ping -f -l 8972 10.10.10.2

# मॅक
ping -D -s 8972 -c 4 10.10.10.2
```

मॅकवर `Message too long` आलं तर लगेच नेटवर्कला दोष देऊ नका. मॅकमध्ये असं पॅकेट किती मोठं बनवायचं याची स्वतःची मर्यादा ८१९२ ची असते. `sudo sysctl -w net.inet.raw.maxdgram=16384` ही कमांड देऊन पुन्हा बघा.

तीनपैकी एक गोष्ट होईल. चारही उत्तरं आली तर वाट जाताना आणि येताना दोन्हीकडून मोकळी आहे, कारण उत्तरही तेवढंच मोठं असतं. 

दुसरी शक्यता, लगेच नकार येईल. लिनक्सवर `message too long, mtu=1500`, विंडोजवर `Packet needs to be fragmented but DF set.` हे तुमचंच यंत्र बोलतंय. सेटिंग लागलेलं नाही किंवा पिंग भलत्याच पोर्टातून निघालाय.

तिसरी शक्यता शांततेची. काही वेळ वाट पाहून विंडोज `Request timed out.` म्हणतो, लिनक्स शेवटी `100% packet loss`. आधी तोच पिंग `1472` ने करून बघा. तोही गेला नाही तर प्रश्न जम्बोचा नाही, पत्ता किंवा फायरवॉल तपासा. (नव्या वाटेला विंडोज `Unidentified network` समजतो आणि बाहेरून येणारे पिंग अडवतो. म्हणून चाचणी विंडोजकडून नॅसकडे करा, उलटी नको.) १४७२ जातो आणि ८९७२ हरवतो, तर मधला स्विच किंवा पलीकडचं टोक लहान आहे. कोण ते ओळखायला नॅसवर हे चालू ठेवून पुन्हा पिंग करा:

```
sudo tcpdump -ni eth1 icmp
```

नॅसवर विनंती पोचलेली दिसली आणि उत्तर मात्र पीसीला मिळालं नाही, तर परतीच्या वाटेत घोळ आहे. काहीच पोचलं नाही, तर जाताना.

माझ्याकडे त्या दिवशी ताईचा चहा येईपर्यंत हे सगळं झालं. १४७२ गेला. ८९७२ हरवला, ४००० हरवला, २००० सुद्धा हरवला. नॅसवर `tcpdump` ला काहीच दिसलं नाही. टीव्हीचं कपाट पुढे ओढलं, धुळीतून तो स्विच बाहेर काढला, त्यातल्या दोन्ही केबल सोडवल्या आणि पीसीपासून नॅसपर्यंत एकच लांब केबल तात्पुरती जमिनीवरून टाकली. ८९७२ च्या चारही पिंगांना उत्तर आलं. दोषी सापडायला वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा कपाट सरकवण्यात गेली.

ट्रॅफिक खरंच नव्या वाटेने जातंय का

पिंग पास झाला तरी एक गंमत बाकी राहते. विंडोजमध्ये नॅस `\\nas` अशा नावाने जोडलेला असेल तर ते नाव अजून `192.168.1.x` च्या जुन्या पत्त्याकडेच नेतं. तुम्ही इकडे नवीन केबल टाकून खूश, आणि फाइली राउटरमधून १५०० वरच चालल्यात. ड्राइव्ह नव्याने जोडताना `\\10.10.10.2\video` असा पत्ता द्या, किंवा `hosts` फाइलमध्ये वेगळं नाव लिहा. मग कॉपी चालू असताना `Task Manager` मध्ये कोणत्या कार्डाचा आलेख उंच जातोय ते बघा. विंडोज आणि नॅस दोघांकडे एसएमबी मल्टीचॅनल चालू असेल तर ते आपणहून दुसरी वाटही वापरू शकतात, त्यामुळे आलेख पाहिल्याशिवाय खात्री धरू नका.

आता सुरुवातीचे `iperf3` पुन्हा चालवा, दोन्ही दिशांनी, आणि लिहून ठेवलेल्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहा. वेग वाढला किंवा वेग तोच राहून नॅसचा कोअर मोकळा झाला, तर जम्बो ठेवा. दोन्हीपैकी काहीच झालं नाही तर परत १५०० करा. निरुपयोगी पण चालू असलेलं सेटिंग म्हणजे पुढच्या वर्षीचा बिघाड. मग सेटिंग कायमचं करा, दोन्ही यंत्रं बंद करून चालू करा आणि ८९७२ चा पिंग पुन्हा एकदा मारा. नॅसचं किंवा ड्रायव्हरचं मोठं अपडेट झाल्यावरही मारा, कारण अपडेटने सेटिंग गपचूप १५०० वर गेलेलं मी पाहिलंय. नंतर कधी शंका आली तर लिनक्सवर कार्डाचे मोजणी-आकडे बघता येतात:

```
ethtool -S enp3s0 | grep -iE 'err|long|over'
```

`rx_long_length_errors` सारखा एखादा आकडा कॉपी करताना वाढत असेल तर समोरून मापाबाहेरच्या फ्रेम येताहेत. सगळ्या कार्डांत ही नावं सारखी नसतात, म्हणून आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतोय का हे बघायचं.

आमच्या घरी शेवटी काय झालं? माझी लाइन एक गिगाबिटचीच होती. थेट केबलवर जम्बोने ९४१ चे ९८९ झाले आणि चाळीस गिगाबाइटच्या कार्यक्रमामागे ती सतरा सेकंदं खरोखरच वाचली. पण हॉलमधून आडवी गेलेली केबल ताईच्या डोळ्यांत खुपत होती. दोन दिवसांनी मी केबल गुंडाळली, पीसी आणि नॅस परत १५०० वर आणले, आणि तो स्विच टीव्हीमागे होता तिथेच ठेवला. मात्र त्याच्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने लिहून ठेवलंय: '१५००, जम्बो नाही'.